'उरल्यास' ही ओळ खोडा

आज एका मैत्रिणीने तिचं नवं आर्थिक नियोजन पाठवलं, "बघ गं एकदा" म्हणून. विमा, निवृत्ती, मुलांचं शिक्षण, सगळं टक्क्यांत मांडलेलं. आणि अगदी तळाला एक ओळ: 'देणग्या व नातेवाइकांना मदत – उरल्यास'. डोकंच फिरलं. सल्लागार फी घेतो आणि हे लिहितो? महिनाअखेरीला कुणाचं काय उरलंय आजवर! दशमांश घ्या नाहीतर शिखांचा दसवंध, दहावा हिस्सा आधी बाजूला पडतो, मग बाकीचा संसार. तुम्ही दहा काढा, पाच काढा, दोन काढा, पण आधी काढा.

माझी ताई हातात येणाऱ्या पगाराचे सहा टक्के काढते. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी ते आपोआप वेगळ्या खात्यात जातात. त्यातले दोन टक्के बाहेरच्या संस्थांना, तेही दरमहा, कारण संस्थेलाही दर महिन्याला पगार करायचे असतात. उरलेले चार नातेवाइकांसाठी. कुणी मागितले नाहीत तर साठत राहतात. आईबाबांना दरमहा देते ते यात धरतच नाही. तो घरखर्च आहे, दान नाही, असं ती ठणकावून सांगते आणि मला ते शंभर टक्के पटतं. ठरलेली जबाबदारी दानात मोजली की आपण फार देतो असं वाटायला लागतं आणि अचानक आलेल्या गरजेला मात्र काही शिल्लक नसतं.

दोन वर्षं त्या चार टक्क्यांना हात लागला नाही. चोवीस महिन्यांचे चार-चार, म्हणजे जवळजवळ एक अख्खा पगार. मग आत्याचं ऑपरेशन निघालं. घरच्या ग्रुपवर कोण किती देणार, कुणी मागच्या वेळी दिले नव्हते, असली चर्चा सुरू असतानाच ताईने पगाराच्या ऐंशी टक्के रक्कम पाठवून दिली. एफडी मोडली नाही, निवृत्तीच्या हप्त्याला धक्का नाही, घरात नवऱ्याशी वाद नाही. पैसे आधीच 'दिलेले' होते, फक्त कुणाला ते ठरायचं होतं.

आणि खरी परीक्षा पुढे आली. थोड्याच दिवसांत मामेभावाने धंद्यासाठी उसने मागितले, दीड पगाराएवढे. खात्यात उरले होते पगाराचे सोळा टक्के. ताईने ते सगळे दिले, आणि म्हणाली, "हे परत नकोत. यापेक्षा जास्त माझ्याकडे या कामासाठी नाहीत." तो रागावला. सहा महिने बोलला नाही. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता, अजून येतो. लोक म्हणाले, एवढी बचत असून नाही म्हणाली! अरे, ती बचत तिच्या म्हातारपणाची आहे. ती आज भावाला दिली तर वीस वर्षांनी तीच कुणाच्या तरी ग्रुपवर चर्चेचा विषय होईल.

घरातलं उसनं बहुधा परत येत नाही, आणि आलं तरी वाट बघण्यात नातं नासतं. म्हणून द्यायचं ते पहिल्या दिवसापासून दिलं म्हणूनच लिहायचं. येणं म्हणून संपत्तीच्या हिशेबात धरलं की अख्खा ताळेबंद फुगतो.

टक्केवारी कोरडी वाटते, मान्य. समोर माणूस रडत असताना कोण खातं उघडून बघतं, हेही मान्य. पण टक्का ठेवला की उत्पन्न घटल्यावर देणं आपसूक घटतं आणि पगारवाढ झाली की मन मारून वाढवावं लागत नाही. ज्यांचं उत्पन्न महिन्याला सारखं नसतं त्यांनी पैसे आले की त्याच दिवशी काढावेत, सरासरी काढत बसू नये. आणि क्रेडिट कार्डाचं कर्ज डोक्यावर असेल तर टक्का लहान ठेवा, फेडून झालं की वाढवा.

एक मात्र कराच: दोन हिस्से वेगळे ठेवा. नाहीतर नातेवाइकांचा हिस्सा संस्थांचा हिस्सा खाऊन टाकतो, कारण संस्था रात्री फोन करून रडत नाही. शिवाय अनेक देशांत नोंदणीकृत संस्थेच्या देणगीवर करसवलत मिळते, नातेवाइकाला दिलेल्यावर मिळत नाही; एकत्र कालवलं तर वर्षाअखेरी पावत्या शोधत बसाल. घरच्या हिस्स्याला वरची मर्यादाही हवी. ताईची एका पगाराची आहे. त्यावर साठलं की जास्तीचं बाहेर जातं. आणि आणीबाणीच्या निधीला किंवा निवृत्तीच्या हप्त्याला मदतीसाठी हात घालावा लागला, तर समजा की हिस्सा लहान पडतोय किंवा 'नाही' म्हणणं जमत नाहीये. दोन्हींवर उपाय वेगळा आहे.

मैत्रिणीला एवढंच लिहिलंय: ती तळाची ओळ उचल, विम्याच्याही वर ठेव, दोन आकडे लिही आणि सल्लागाराला सांग, आता बाकीचं यात बसव.