लिक्विडेटर आला म्हणून भाडेकरार संपत नाही

«भाडेकरू कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तिची मालमत्ता विकून देणी वाटणारा लिक्विडेटर बसला की भाडेकरार त्याच दिवशी आपोआप रद्द. मालकाने लगेच कुलूप बदलावं. थकलेलं भाडं लिक्विडेटर सगळ्यांच्या आधी देतो, तोवर डिपॉझिट आपल्याकडेच असतं, ते कशातही वळतं करावं. लॉक-इनचं, म्हणजे करार मध्येच न सोडण्याच्या मुदतीचं, उरलेलं भाडंही पूर्ण मिळतं. डायरेक्टरची हमी मात्र कंपनीबरोबर बुडते.»

जागामालकांना मिळणाऱ्या या सल्ल्यातल्या सगळ्याच गोष्टी चुकीच्या आहेत, पण सगळ्यांनी होणारं नुकसान सारखं नाही. डिपॉझिटच्या बाबतीत मालक सगळ्यात जास्त पैसे घालवतात, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

आपोआप रद्द?

लिक्विडेशनचा आदेश निघाला म्हणून कंपनी मरत नाही. ती मरते शेवटी, एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, विसर्जनाचा वेगळा आदेश काढल्यावर. तोपर्यंत भाडेकरू तीच असते, फक्त तिच्या वतीने बोलणारा माणूस बदललेला असतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ३३ म्हणतं की लिक्विडेशनचा आदेश हीच कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याची सूचना समजावी. नोकरीबद्दल एवढं स्पष्ट लिहिणाऱ्या कायद्याने भाडेकराराबद्दल तसं वाक्य घातलेलं नाही, आणि हे विसरून राहिलं असेल असं मला वाटत नाही.

मग करारातल्या त्या कलमाचं काय, ज्यात «भाडेकरू दिवाळखोर झाल्यास मालक जागा परत घेऊ शकेल» असं असतं? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ मध्ये अशा अटीला जागा आहे. पण तिथेही मालकाने लेखी नोटीस देऊन करार संपवावा लागतो. घटना घडली आणि करार गळून पडला, असं तिथेही होत नाही. शिवाय गुजरात ऊर्जा प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं आहे, की केवळ दिवाळखोरीचं कारण देऊन केलेली करारसमाप्ती, तो करार कंपनी जगवायला अत्यावश्यक असेल तर, एनसीएलटी रोखू शकते. त्यामुळे या अटीवर सगळी भिस्त ठेवू नका.

करार खरोखर संपवण्याची किल्ली लिक्विडेटरकडे असते. लिक्विडेशन प्रक्रियेच्या नियमांतला नियम १० सांगतो, की कंपनीला बोजा झालेली मालमत्ता किंवा तोट्याचा करार नाकारण्यासाठी लिक्विडेटर एनसीएलटीकडे अर्ज करू शकतो. बोलीभाषेत याला डिस्क्लेम करणं म्हणतात. मुदत लिक्विडेशन सुरू झाल्यापासून सहा महिने, आणि ती न्यायाधिकरण वाढवू शकतं. अर्जाच्या किमान सात दिवस आधी संबंधितांना नोटीस द्यावी लागते. म्हणजे मालकाला न कळवता हे होऊ शकत नाही.

याच नियमात मालकाच्या हातातलं एक हत्यार आहे, आणि ते फारच थोडे वापरतात. तुम्ही लिक्विडेटरला लेखी विचारा: «हा करार तुम्ही नाकारणार आहात का?» पत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत त्याने «होय, नाकारणार» असं कळवलं नाही, तर त्याला तो अर्ज करताच येत नाही. करार कंपनीच्या अंगावर राहतो, आणि पुढच्या भाड्याच्या मागणीत तुमचा हात बळकट होतो. पत्र साधं असावं, जागेचं वर्णन आणि कराराची तारीख त्यात असावी, आणि ते पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. फोनवरच्या बोलण्यातून हा महिना सुरू होत नाही.

उलट बाजूही आहे. जुना, कमी भाड्याचा, हस्तांतर करता येणारा दीर्घ करार असेल तर लिक्विडेटर तो नाकारणार नाही, विकायला काढेल. करारात हस्तांतराला मनाई असेल तर ती मनाई त्याच पत्रात दाखवून द्या.

कुलूप

इथे थोडक्यात. लिक्विडेशनच्या आधी बहुधा पुनरुज्जीवनाची प्रक्रिया झालेली असते. त्या काळात दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ नुसार कंपनीच्या ताब्यातली जागा मालकाला परत घेता येत नाही, करार संपला असला तरी. लिक्विडेशन सुरू झाल्यावर जागेतला माल, फर्निचर, सर्व्हर, फायली यांचा ताबा घेणं हे लिक्विडेटरचं कर्तव्य. तुम्ही कुलूप घातलं की दुसऱ्याची मालमत्ता अडवून बसलेले तुम्ही, आणि वकिलाची फी भरणारेही तुम्हीच. दिवाणी न्यायालयात नवा दावा कलम ३३ मुळे लावता येत नाही. जागा हवी तर लिक्विडेटरला लिहा, दाद लागली नाही तर एनसीएलटीत अर्ज करा.

तिथे मांडायला मुद्दा भक्कम आहे. कलम ३६ म्हणतं की ज्या वस्तूची मालकी हस्तांतरित होणार नाही, फक्त वापर दिलेला आहे, ती लिक्विडेशनच्या मालमत्तेत येत नाही. म्हणजे तुमचा गाळा त्याच्या विक्रीच्या यादीत नाही. आतला माल विकून झाल्यावर जागा धरून ठेवायला त्याच्याकडे सबळ कारण उरत नाही.

भाडं, आणि डिपॉझिटचा हिशेब

थकबाकी हा एकच गठ्ठा समजणं ही मुळातली चूक. भाडं कुठल्या काळाचं आहे यावर त्याची रांग ठरते. एक उदाहरण घेऊ.

ऑफिसचं भाडं महिना २ लाख, डिपॉझिट १२ लाख. पुनरुज्जीवन प्रक्रिया १ एप्रिलला सुरू झाली तेव्हा चार महिन्यांचं भाडं थकलेलं होतं: ८ लाख. पुढचे सात महिने ती प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलने ऑफिस वापरलं, दोन महिन्यांचं भाडं दिलं, पाचांचं नाही: १० लाख. १ नोव्हेंबरला लिक्विडेशन सुरू झालं. लिक्विडेटरने सामान विकेपर्यंत तीन महिने जागा वापरली, पैसे दिले नाहीत: ६ लाख. ३१ जानेवारीपासून करार डिस्क्लेम झाला. लॉक-इनचे दहा महिने बाकी होते. जागा चार महिने रिकामी राहिली, मग त्याच भाड्याने गेली: तोटा ८ लाख.

एकूण येणं ३२ लाख. पण ८, १६ आणि ८ असे हे तीन वेगळे प्राणी आहेत.

१ एप्रिलच्या आधीचे ८ लाख ही साधी जुनी देणी. कलम ५३ च्या उतरंडीत त्यांचा नंबर खर्च, कामगार, तारण असलेल्या बँका, कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे आणि सरकार या सगळ्यांच्या नंतर लागतो. तिथपर्यंत पैसा झिरपला तर मिळायचा, आणि तो सहसा झिरपत नाही. मधले १६ लाख मात्र थेट पहिल्या पायरीवर. कलम १४ ने तुमची जागा अडवून ठेवल्यामुळे येणारी रक्कम प्रक्रियेच्या खर्चात धरली जाते, आणि मालमत्ता सांभाळण्यासाठी लिक्विडेटरने जागा वापरली तर ते भाडं लिक्विडेशनचा खर्च. शेवटचे ८ लाख म्हणजे करार नाकारल्याची नुकसानभरपाई. नियम १० तिला सरळ त्याच शेवटच्या भागात, जुन्या देण्यांबरोबर बसवतो.

आता डिपॉझिट. लिक्विडेशनमध्ये नियम २९ परस्परांच्या देण्याघेण्याची वजावट करू देतो. तुम्ही कंपनीला १२ लाख देणं लागता, ती तुम्हाला भाडं देणं लागते. प्रश्न एवढाच की कुठलं भाडं आधी वळतं करायचं.

बहुतेक मालक वैतागून शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करतात. तसं केलं तर १६ लाखांतले १२ फिटले, खर्चाच्या रांगेत ४ उरले, आणि १६ लाख शेवटच्या रांगेत गेले. हातात येण्यासारखे १२ अधिक ४, म्हणजे १६ लाख. उलट केलं तर? डिपॉझिटमधून आधी जुने ८ लाख, मग नुकसानभरपाईचे ४. शेवटच्या रांगेत फक्त ४ लाख राहिले आणि खर्चाच्या रांगेत पूर्ण १६. मिळण्यासारखे २८ लाख. करार तोच, आकडे तेच, फरक १२ लाखांचा.

दोन खाचखळगे आहेत. लिक्विडेटर नुकसानभरपाईच्या वजावटीवर हरकत घेऊ शकतो, कारण ती लिक्विडेशन सुरू झाल्यानंतर पक्की झाली. जुन्या थकबाकीची वजावट त्या मानाने सुरक्षित. आणि ही वजावट लिक्विडेशनमधली आहे. पुनरुज्जीवनाच्या काळात ती सर्रास चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये भारती एअरटेलच्या निकालात स्पष्ट केलं. तेव्हा त्या काळात डिपॉझिटला हात लावू नका, पण दर महिन्याचं बिल रिझोल्युशन प्रोफेशनलच्या नावे, «प्रक्रियेच्या काळातील भाडं» असं लिहून पाठवत राहा. नंतर हीच बिलं १६ लाखांचा पुरावा होतात. जुन्या रकमेचा दावा वेगळ्या कागदावर, जाहीर सूचनेतल्या तारखेपर्यंत. दोन्ही एकत्र लिहिलं की दोन्ही एकाच रांगेत ढकलणं समोरच्याला सोपं जातं.

लिक्विडेटर म्हणेल, मी जागा वापरलीच नाही, फक्त सामान पडून होतं. हा वाद नेहमीचा. सामानाची यादी, फोटो, किल्ल्या कधी दिल्या त्याची पावती, वीजबिल, लिलावात बोली लावणाऱ्यांना जागा दाखवल्याच्या नोंदी यांनी तो सुटतो.

लॉक-इन आणि हमी

वरच्या उदाहरणात लॉक-इनचे दहा महिने असूनही मी २० लाख धरले नाहीत, ८ धरले. करार कायद्यात भरपाई प्रत्यक्ष तोट्याशी बांधलेली आहे, आणि जागा पुन्हा भाड्याने देण्याचा प्रयत्न मालकाने करायचा असतो. दलालाला दिलेली जाहिरात, आलेल्या विचारणा, नवा करार हे कागद दाव्याला जोडा.

डायरेक्टरने वैयक्तिक हमी दिली असेल तर ती करार नाकारल्याने बुडत नाही. नियम १० सांगतो की डिस्क्लेममुळे कंपनी सुटते, आणि तिला सोडवण्यापुरतं आवश्यक तेवढं वगळता इतरांची देणी जशीच्या तशी राहतात. शेवटच्या रांगेत अडकलेल्या रकमेसाठी हमीदाराकडे जाता येतं.

धोका वेगळ्याच कागदात असतो. लिक्विडेटर किल्ल्या परत देताना एक पानी ताबापावती पुढे करतो, आणि तिच्या तळाशी «उभयपक्षी कोणतेही येणे नाही» असं वाक्य असतं. जागा परत मिळाल्याच्या आनंदात सही होते, आणि खर्चाच्या रांगेतले १६ लाख, भरपाई, हमीदारावरचा हक्क सगळ्यावर प्रश्नचिन्ह लागतं. ते वाक्य खोडून «थकीत भाडे व नुकसानभरपाईचे हक्क राखून ताबा घेतला» असं लिहा, मग सही करा.