त्या एका "अजूनही"मुळे

सकाळपासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या लॅबमध्ये दोन महिन्यांपूर्वी एक मुलगा लागलाय. हुशार आहे आणि हात इतका हलका की सुई कधी टोचली ते पेशंटला कळत नाही. आज दहाच्या चहाला सगळे उभे होते, तेव्हा तो आमच्या मॅडमना म्हणाला, "मॅडम, आपण अजूनही सँपल गोठायच्या आधीच फिरवतो, म्हणून मशीनची सुई अडकते. हे चुकीचं आहे."

बोलला ते शंभर टक्के खरं. लाल झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त साधारण अर्धा तास उभं ठेवून गोठू दिलं नाही आणि तसंच सेंट्रीफ्यूजमध्ये घातलं, तर वरच्या सीरममध्ये बारीक धागे राहतात आणि तेच मशीनच्या सुईत जाऊन बसतात. पण मॅडमनी कप खाली ठेवला, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. संपला विषय. आता वर्षभर तो कुणी काढणार नाही.

मला त्या मुलाचा खूप राग आला. अरे, वीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईला चार जणांसमोर "अजूनही" म्हणतोस? त्या एका शब्दाचा अर्थ होतो की इतकी वर्षं तुम्हाला हे दिसलंच नाही. पुढचं सगळं शास्त्र बरोबर असलं तरी ते ऐकायला माणूस जाग्यावर उरतच नाही.

मी नवीन होते तेव्हाचं सांगते. फोंड्याकडचं एक छोटं हॉस्पिटल. तिथले सीनियर टेक्निशियन, सगळे त्यांना बाब म्हणायचे. सकाळी सातच्या आत ते रजिस्टर समोर घेऊन सगळ्या ट्यूबवर नावं लिहून ठेवायचे आणि स्टँडमध्ये नंबराप्रमाणे लावायचे. मग एकेकाला बोलवायचं, त्याच्या ट्यूब उचलायच्या, रक्त भरायचं. काम भराभर व्हायचं. पण पाच नंबरवाली मुतारीला गेली आणि सहा नंबरवाली आधी येऊन बसली की सहाचं रक्त पाचच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतं. त्यात आपल्याकडची नावं! एका सकाळी नाव आणि आडनाव दोन्ही तेच असलेल्या दोन-दोन बायका.

आणि तसंच झालं. एकीचा तीन आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट होता: हिमोग्लोबिन 9.2, एमसीव्ही 69. त्या दिवशी आलं 13.1 आणि 91. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो असा उड्या मारत नाही. लोहाच्या गोळ्या घेतल्या तरी तीन आठवड्यांत 69 चा 91 होत नाही, आणि तिला बाहेरचं रक्त दिलेलं नव्हतं. मी रिपोर्ट अडवला आणि बाबना एवढंच म्हटलं, "बाब, हे जुन्या रिपोर्टाशी जुळत नाही, दोघींचं परत घेऊया का?" त्यांनी दोन्ही कागद पाहिले, मान हलवली, स्वतः दोघींना परत बोलावलं आणि रजिस्टरात नोंद केली. कामाचं बोलणं तेवढंच.

त्याच क्षणी "बघा, म्हणून मी म्हणते" असं म्हणायचा मोह झाला होता. कारण त्याआधी महिनाभर मी त्यांना एकदा सांगून बसले होते, "आम्हाला कॉलेजात असं शिकवलेलं नाही." त्यावर पंधरा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. म्हणून या वेळी गप्प राहिले. ती चूक तिथेच मिटवली आणि पद्धतीचं बोलणं पुढच्या आठवड्यापर्यंत मागे ठेवलं. दोन्ही एकदम काढलं असतं, तर पद्धतीबद्दलचा प्रत्येक शब्द त्यांच्या कानाला त्या दोन बायकांबद्दलचाच वाटला असता.

पुढच्या सोमवारी, लोक यायच्या आधी, मी नुसतं विचारलं, "बाब, नावं आधी लिहून ठेवायची पद्धत कधीपासूनची?"

आणि ते बोलायला लागले. पूर्वी ते एकटेच होते. दिवसाला पंधरा-वीस पेशंट, सगळे आजूबाजूच्या वाड्यांवरचे, प्रत्येकाचं घर माहीत. पावसाळ्यात ओल्या हातांनी घाईघाईत पट्टीवर लिहिलं की शाई पसरायची, नाव वाचता यायचं नाही. एकदा तर कुणाची ट्यूब तेच कळेना. म्हणून त्यांनी कोरड्या हातांनी, शांतपणे, आधीच लिहून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे ती पद्धत एक चूक थांबवायलाच आली होती. हे मला ठाऊकच नव्हतं, आणि मी त्यांना कॉलेज शिकवत होते.

मग बोलणं सोपं झालं. मी म्हटलं, "तेव्हा पंधरा होते आणि ओळखीचे होते. आता नऊ वाजेपर्यंत साठ-सत्तर होतात, अर्धे बाहेरचे." ते म्हणाले, "सांग, पळोवया." दोन खुर्च्या होत्या. मी म्हटलं, एक आठवडा फक्त माझ्या खुर्चीवर रक्त घेतल्यावर, पेशंट समोर असतानाच नाव लावते. नाही जमलं तर पुढच्या सोमवारी आहे तसं. माणशी वीस-पंचवीस सेकंद जास्त लागले. बुधवारी बाब स्वतः येऊन उभे राहिले, बघत राहिले आणि म्हणाले, चिकटपट्ट्या आपण सकाळीच लिहूया, कोरड्या हातांनी. पण ट्यूबवर नको, ज्याच्या त्याच्या चिठ्ठीला लावून ठेवूया. रक्त घेतलं की पेशंटलाच पूर्ण नाव आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव सांगायला लावायचं, मग पट्टी सोडवून ट्यूबवर. "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

ही शेवटची गोष्ट त्यांची. माझ्या डोक्यात ती नव्हती. शाईची अडचणही सुटली, अदलाबदलीचीही. महिनाभरात दोन्ही खुर्च्यांवर हेच सुरू झालं आणि नव्या सिस्टरला बाब स्वतः शिकवत होते.

हो, दरवेळी एवढा धीर धरता येत नाही, हे कबूल. रक्त चढवण्यासाठी जे सँपल रक्तपेढीला जातं, त्याच्यासाठी मी आठवडाभराची परवानगी मागितली नव्हती. तिथे चुकीच्या माणसाचं रक्त म्हणजे जीव जाऊ शकतो. त्या एका ट्यूबबद्दल मी त्याच सोमवारी सरळ म्हटलं, "बाब, ही आजपासून पेशंटच्या समोरच." ते लगेच हो म्हणाले. बाकीचं आधी ऐकून घेतलं होतं म्हणून म्हणाले असतील, असं मला वाटतं.

आणि सीनियरांनीही थोडं मन मोठं करावं की! एका शब्दासाठी खरी गोष्ट कपाबरोबर खाली ठेवायची? मॅडमचाही रागच आलाय मला, लिहिता लिहिता जास्तच यायला लागलाय. पोराचा शब्द चुकला, त्याच्या सुईतले धागे तर खरे आहेत.

संध्याकाळी तो मुलगा तोंड पाडून हात धूत होता. ओरडायचंच ठरवून गेले होते, पण पाहून जीव कसनुसा झाला. विचारलं, "मॅडम सँपल एवढ्या घाईने का फिरवतात, माहीत आहे तुला?" नव्हतं माहीत. वॉर्डात डॉक्टरांचा राउंड साडेदहाला असतो आणि त्याआधी रिपोर्ट गेले नाहीत तर फोन मॅडमना येतो. शिव्या त्या खातात, आपण नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, वॉर्डातली सँपल अर्धा तास आधी, साडेसहाला घेतली तर? मी म्हटलं, हे मला नको सांगूस. उद्या सातला मॅडम एकट्या असतात. जा, आणि आधी राउंडबद्दल विचार.