३१ मार्चनंतरच्या घटना : आकडे कधी बदलतात, टीप कधी पुरते

अकाउंट्स शिकणाऱ्या मुलांमध्ये आणि लघुउद्योजकांच्या गटांमध्ये दर वर्षी फिरणारा एक मजकूर असा :

"३१ मार्चला वही मिटली की मिटली. त्यानंतर जे घडेल ते पुढच्या वर्षाचं. फक्त तोटा फारच मोठा असेल तर तो याच वर्षी धरायचा, लहान असेल तर नुसती टीप द्यायची. आणि सुचवलेला लाभांश नेहमी याच वर्षाच्या देण्यांत दाखवायचा, कारण तो याच वर्षाच्या नफ्यातून जातो."

यात तीन विधानं आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. तिसरं मात्र एके काळी बरोबर होतं.

आधी वही मिटण्याचं बघू. ताळेबंद ३१ मार्चचा असला तरी तो त्या रात्री तयार होत नाही. संचालक मंडळ त्याला मंजुरी देतं तोवर दोन-चार महिने जातात. या मधल्या काळात जे कळतं त्याचं काय करायचं, हे सांगण्यासाठीच लेखा मानक ४ आहे आणि मोठ्या कंपन्यांसाठी इंड एएस १०. दोन्हींचा प्रश्न एकच : आज कळलेली गोष्ट ३१ मार्चला असलेल्या परिस्थितीबद्दल काही सांगते, की ती परिस्थितीच नंतर निर्माण झाली? पहिलं असेल तर आकडे बदला, दुसरं असेल तर आकड्यांना हात न लावता माहिती द्या. घटनेची तारीख एकटी काहीच ठरवत नाही.

एक कल्पित उदाहरण घेतो. इचलकरंजीतली एक कापड कंपनी आहे. ३१ मार्च २०२५ ला तिचं एका व्यापाऱ्याकडून ४० लाख येणं आहे आणि वर्षाचा नफा ५० लाख दिसतो आहे. संचालक मंडळाची बैठक २८ जूनला आहे. मे महिन्यात कळतं की व्यापारी बुडाला. फार तर १० लाख हाती लागतील.

आता त्या व्यापाऱ्याचा खातेउतारा काढा. समजा शेवटची रक्कम डिसेंबरमध्ये आली होती. फेब्रुवारीत दोन चेक परत गेले. मार्चमध्ये त्यानं मुदत मागणारी पत्रं पाठवली होती. म्हणजे ३१ मार्चला हे येणं आजारीच होतं, मेमध्ये फक्त निदान झालं. इथे ३० लाखांची तरतूद २०२४-२५ च्याच हिशेबात करावी लागते आणि नफा ५० लाखांवरून २० लाखांवर येतो.

त्याच खात्याचं दुसरं रूप पाहा. मार्चअखेरपर्यंत व्यापारी दर महिन्याला वेळेवर पैसे देत होता. २० एप्रिलला त्याच्या गोदामाला आग लागली, विमा नव्हता, धंदा बसला. तोटा तोच, ३० लाख. पण ३१ मार्चला तो माणूस धडधाकट होता. म्हणून ताळेबंदात ४० लाख तसेच राहतात, नफा ५० लाखच, आणि फटका २०२५-२६ मध्ये बसतो.

तोट्याचा आकार दोन्हीकडे सारखा असूनही वागणूक उलटी आहे. "मोठं असेल तर धरायचं" हे दुसरं विधान इथेच गळून पडतं. आकाराचा उपयोग एवढाच की क्षुल्लक गोष्टींचा खुलासा लागत नाही. महत्त्वाच्या घटनेबद्दल मात्र ती काय आहे आणि अंदाजे किती रकमेचा परिणाम होईल हे सांगावं लागतं. अंदाज करता येत नसेल तर तसं लिहावं लागतं. हे कुठे लिहायचं यातही फरक आहे. इंड एएसखाली ते वित्तीय विवरणांच्या टिपांत येतं, तर लेखा मानक ४ ते संचालकांच्या अहवालात मागतं. तेव्हा "नुसती टीप" हेही सगळ्यांना लागू नाही.

प्रत्यक्षात गोष्टी इतक्या स्वच्छ नसतात. व्यापारी फेब्रुवारीपासून लंगडत होता आणि एप्रिलमध्ये आगही लागली, असं झालं की व्यवस्थापनाला आगच आठवते, कारण तिनं यंदाचा नफा वाचतो. लेखापरीक्षक मग आगीच्या पंचनाम्यापेक्षा मार्चच्या आधीची वसुली बघतो : किती दिवसांची उधारी होती, ती कधीपासून लांबली, माल देणं कधी थांबवलं. आगीआधीच जेवढं येणं संशयित होतं तेवढ्याची तरतूद यंदा, उरलेल्याची पुढे.

मोठ्या आकड्यालाही ही रेघ लागू होते का, अशी शंका असेल तर २०२० आठवा. जागतिक आरोग्य संघटनेनं ३० जानेवारी २०२० ला कोविडबद्दल आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. ज्यांचं वर्ष ३१ डिसेंबर २०१९ ला संपलं होतं, त्या परदेशी कंपन्यांनी बहुतांशी कोविडचा परिणाम त्या वर्षाच्या आकड्यांत घेतला नाही, फक्त खुलासा केला. आपल्याकडे टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली, म्हणजे ३१ मार्चला परिस्थिती समोर उभी होती. येणी, साठा, मालमत्ता यांचं मोल तिच्या उजेडात करावं लागलं. उलट दिशेनंही तोच नियम चालतो. सेन्सेक्स ३१ मार्चला सुमारे २९,४६८ वर बंद झाला आणि मेअखेर ३२,००० च्या वर गेला. मे-जूनमध्ये हिशेब मंजूर करणाऱ्यांना ती चढण दिसत होती, तरी बाजारभावानं दाखवायचे शेअर ३१ मार्चच्याच भावानं धरावे लागले.

"फारच मोठं" या शब्दांत थोडं तथ्य आहे ते एकाच ठिकाणी. आग व्यापाऱ्याच्या गोदामाला न लागता त्या कापड कंपनीच्या एकुलत्या एक कारखान्याला लागली आणि संचालकांनी धंदा गुंडाळायचं ठरवलं, किंवा त्यांच्यापुढे दुसरा वास्तव मार्गच उरला नाही, तर कंपनी चालू राहणार हे गृहीतकच कोसळतं. मग आग एप्रिलमधली असली तरी ३१ मार्चचा ताळेबंद चालू धंद्याच्या पायावर मांडता येत नाही. बदलतो तो एखादा आकडा नव्हे, सगळ्या मांडणीचा पाया. तीच आग लागून कंपनी तगणार असेल तर खुलासा पुरतो, नुकसान कोटींत असलं तरी.

आता लाभांश. २०१६ पर्यंत आपल्याकडे सुचवलेला लाभांश खरंच त्याच वर्षाच्या देण्यांत दाखवत असत, आणि जुन्या पुस्तकांतून तो भाग अजून पाठ केला जातो. मार्च २०१६ मध्ये लेखा मानक ४ मध्ये दुरुस्ती होऊन ही पद्धत बंद झाली, आणि २०१६-१७ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालेल्या इंड एएसमध्येही तोच नियम आहे. कारण साधं आहे. संचालक मंडळ मेमध्ये लाभांश फक्त सुचवतं, तो जाहीर करतात भागधारक, पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. भागधारक तो कमीही करू शकतात. म्हणजे ३१ मार्चला कंपनी कुणाचं काही देणं लागत नव्हती. नफा कोणत्या वर्षाचा यावर देणं ठरत नाही, बांधिलकी कधी तयार झाली यावर ठरतं. म्हणून सुचवलेली रक्कम टिपेत लिहितात आणि सभेनं मंजूर केली की त्या वर्षी राखीव निधीतून वजा करतात. मार्चमध्येच मंडळानं अंतरिम लाभांश जाहीर केला आणि पैसे एप्रिलमध्ये गेले, तर मात्र ती रक्कम ३१ मार्चच्या देण्यांतच दिसली पाहिजे.