५५ टक्क्यांच्या आतली तीन घरं

‘दादा, प्रमोटर होल्डिंग ५५ टक्के आहे ना? मग घर एकच. शाखा कशाला मोजत बसायच्या?’

अमळनेरच्या मामेभावाचा हा सवाल, त्याने शेअर घेतलेल्या एका कंपनीबद्दल. प्रमोटर म्हणजे कंपनी चालवणारं मालक घराणं, ५५ टक्के शेअर त्यांचे. आमच्या गावात विप्रोचा शेअर घरोघरी, तेव्हा तो बोलणारच. त्याच्या डोळ्यांसमोर विप्रोच्या प्रमोटरांची यादी आहे. तिथे हाशम ट्रेडर्स, प्राझिम ट्रेडर्स, झॅश ट्रेडर्स अशा भागीदारी फर्म दिसतात, पण बहुतेकांपुढे भागीदार म्हणून अझीम प्रेमजींचंच नाव. तिथे बेरीज पुरते. त्यामुळे तो अर्धा बरोबर आहे, आणि मला राग येतो तो त्या अर्ध्याचाच.

त्याने पैसे घातलेत ते खानदेशातल्याच तीन भावांच्या कंपनीत. नाव घेत नाही, आकडेही सोपे करून घेतलेत. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरबाजारात जाणारी भागधारणेची यादी मी लीड्समध्ये कौन्सिल टॅक्सच्या पाकिटांशेजारी उघडली. प्रवर्तक म्हणजे प्रमोटर गटात सोळा नावं, पैकी पाच जणांकडे एकही शेअर नाही. शून्यवाले का छापतात म्हणून लोक हसतात. पण नकाशा त्यांच्यामुळेच पुरा होतो.

आडनावावरून काही कळत नाही, सगळे एकच. मधलं नाव बघायचं. मुलांच्या मधे बापाचं, सुनांच्या मधे नवऱ्याचं. तेवढ्यावर तीन ढीग पडतात. लग्न झालेल्या दोन मुली मात्र नवऱ्याच्या नावाने जाऊन ढिगाबाहेर पडल्या. त्या जुन्या वर्षांच्या याद्यांत माहेरच्या नावाने सापडल्या. इथल्या कंपनीज हाऊसवर, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत, सगळं फुकट दिसतं खरं, पण ताबा असणाऱ्यांच्या नोंदीत २५ ते ५० टक्के, ५० ते ७५ टक्के असे कप्पे, आणि मधल्या नावाने कुठली शाखा ते सांगणारी सोय नाही. इतकं तरी आपलं सरस आहे. हे मी इथे राहून म्हणतो, नोंद घ्यावी.

तर स्वतःच्या नावावर थोरल्याच्या घराचे ६ टक्के, मधल्याचे ७, धाकट्याचे ७. उरलेले ३५ दोन खाजगी कंपन्यांकडे: पहिलीकडे २२, दुसरीकडे १३. त्यांचे भागधारक या यादीत नसतात. त्यासाठी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीमागे शंभर रुपये भरून वार्षिक विवरणाला जोडलेली भागधारकांची यादी काढावी लागते. पहिलीत थोरल्याचे ५५, मधल्याचे २५, धाकट्याचे २० टक्के. दुसरीत मधला आणि धाकटा निम्मे-निम्मे.

आता नुसता पैसा वाटला तर थोरल्याकडे १८.१, मधल्याकडे १९, धाकट्याकडे १७.९. जवळजवळ समान वाटणी, आजोबा खूश! पण मत पैशासारखं फुटत नाही. पहिल्या कंपनीत थोरल्याचं बहुमत, म्हणून तिचे सगळे २२ त्याच्या हातात. सभेत त्याचे २८, इतर दोघांचे प्रत्येकी ७, आणि १३ अधांतरी, कारण दुसऱ्या कंपनीत कुणालाच बहुमत नाही. त्याची खूणही पटते: शेअरबाजाराच्या यादीसोबत खरा ताबा कुणाचा ते सांगणारा लाभार्थी मालकांचा तक्ता असतो, त्यात पहिल्या कंपनीमागे थोरल्याचं नाव आहे, दुसरीमागे कुणाचंच नाही. मामेभाऊ म्हणाला, ‘राहिलं असेल भरायचं.’ नुसतं राहिलेलं नसावं. ५०-५० असलं आणि दोघं मिळून वागतो असं कुणी म्हणत नसलं, की तो रकाना रिकामाच राहतो.

नाशिकची कंपनी सेक्रेटरी असलेली वर्गमैत्रीण म्हणाली, ‘हिशोब ठीक आहे, पण तुझी वार्षिक विवरणाची यादी ३१ मार्चची. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचे शेअर ट्रस्टकडे गेले असतील तर? ट्रस्टच्या विश्वस्तांचं नाव कळेल, लाभार्थी कोण ते करारात. तो करार तुला कोण दाखवणार?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भावाभावांत थेट या कंपनीचे शेअर फिरले असते तर बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घ्यायच्या ओपन ऑफरमधून सूट मिळवायला आधी चार कामकाजाच्या दिवसांची सूचना बाजाराला द्यावी लागली असती. आत, खाजगी कंपनीच्या पातळीवर फिरले तर ते इतकं ठळक दिसत नाही.

मामांना मी काय करतोय तेच कळलं नाही. ‘तू कोनाची वाटणी करी राह्यना? आपल्या सातबाऱ्याचं काय?’ म्हणाले. आमच्या कापसाच्या शेतावर मामांच्या दोन भावांसोबत माझं नाव आजही आहे, आईच्या वारसाने. विकायचं म्हटलं की माझी सही लागते. पेरणी, फवारणी, बाजारभाव यात माझं मत कुणी विचारत नाही, आणि खरं तर मीही देत नाही. मामेभाऊ म्हणतो, ‘तू तर तिकडचाच.’ मला ते झोंबतं. दुसऱ्याच्या शाखा मोजायला मी इतक्या हौसेने बसतो त्याचं कारण हेच असावं.

मामेभावाने शेअर विकले नाहीत. पुढची तिमाही यादी आली की त्याला फक्त एक ओळ बघायला सांगितलीय: लाभार्थी मालकांच्या तक्त्यात दुसऱ्या कंपनीमागे अजून कुणाचंच नाव नाही, की एखाद्या विश्वस्ताचं आलंय.