दिवसाचा दर गोल करू नका

पगारपत्रकं करणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, दिवसाचा दर पूर्ण रुपयात आणू नका. पैसे गोल करायचेच असतील तर गुणाकार झाल्यावर करा.

एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १४,००० रुपये धरा. २६ दिवसांनी भागलं की रोज ५३८.४६१५ रुपये पडतो. बरेच जण इथेच ५३८ करून टाकतात. ४६ पैसे गेले, त्यात काय एवढं! पण ते रोज जातात. तो २३ दिवस कामावर आला, तर पूर्ण दराने १२,३८५ रुपये होतात आणि गोल दराने १२,३७४. एकही खाडा न करता पूर्ण २६ दिवस भरले, तरी हिशेब १३,९८८ वर थांबतो. ठरलेल्या पगारातले १२ रुपये गेले कुठे, याचं उत्तर कुठल्याच रकान्यात सापडत नाही. ठरलेला पगार म्हणजे नेमकं किमान वेतनच असेल, तर ही कपात थेट किमान वेतनाच्या खाली जाते.

गंमत बघा, याच ५३८ ने तीन खाड्यांचे पैसे १४,००० मधून वजा केले तर १२,३८६ उरतात. दर तोच, हजेरी तीच, फरक १२ रुपयांचा! म्हणून "आम्ही नियमाप्रमाणे राउंड करतो" एवढं सांगून भागत नाही. कुठल्या पायरीवर करता, ते सांगा.

पुढच्या कपातींचे नियम वेगळे आहेत. पीएफमध्ये ५० पैसे किंवा जास्त असले तर वरचा रुपया, कमी असले तर सोडून द्यायचे. ईएसआयमध्ये मात्र थोडे पैसे जरी वर असले तरी पुढचा रुपया. आपल्या उदाहरणात १२,३८५ वर पीएफ १,४८६, ईएसआय ९३ आणि व्यवसाय कर २००, म्हणजे हातात १०,६०६. गोल दराच्या १२,३७४ वर पीएफ १,४८५, बाकी दोन्ही तेच, हातात १०,५९६. वर गेलेले ११ रुपये खाली १० दिसतात, आणि फरक शोधणारा पीएफच्या रकान्यात अडकून बसतो.

एक्सेलमध्ये चूक अशी असते:

```
=ROUND(14000/26,0)*23
```

आणि हवं ते असं:

```
=ROUND(14000/26*23,0)
```

उलट प्रकारही होतो. सेलमध्ये पूर्ण आकडा असतो, फक्त दशांश लपवलेले असतात. स्लिपवर ५३८ छापलं जातं आणि रक्कम १२,३८५. हिशेब बरोबर असतो, पण कामगार मोबाईलवर गुणून बघतो आणि जुळत नाही म्हणून विचारायला येतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. स्लिपवर दर ५३८.४६ असा छापा, २३ ने गुणला की १२,३८४.५८ येतात आणि रुपयात त्याचे १२,३८५ होतात, हे त्यालाही स्वतःच पडताळता येईल.