वडील गेले, दावा बोर्डावर आहे, मग अबेट कसा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "वकीलसाहेब, ९० दिवसांत वारसांचा अर्ज नाही दिला तर दावा संपतो असं तुम्ही छातीठोक लिहिलंय. आमचे वडील एकटेच वादी होते, त्यांना जाऊन सात महिने झाले. दावा अजून बोर्डावर आहे, तारखा पडतायत, जजसाहेबांनी काही निकाली काढलेला नाही. सातबाऱ्यावर आमची वारस नोंदपण झालीय. आमचे वकील म्हणतात आधी कोर्टाकडून वारस दाखला काढू मग बघू. उगाच लोकांना घाबरवू नका."

दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या रागातला एक भाग मला मान्य आहे, मी फक्त ९० दिवस लिहिले आणि त्यापुढचे दरवाजे लिहिलेच नाहीत, ती चूक माझी. पण बाकीच्या गोष्टीत तुमचं खरोखर नुकसान होऊ शकतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बोर्डाचं. एकट्या वादीचा दावा अबेट व्हायला, म्हणजे उपशमित होऊन संपायला, जजसाहेबांचा हुकूम लागतच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २२ नियम ३ प्रमाणे मुदतीत वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज आला नाही की दावा आपोआप अबेट होतो, आणि ही मुदत लिमिटेशन ॲक्टच्या आर्टिकल १२० मध्ये मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस आहे. कोर्टाला मृत्यू कळलेलाच नसतो म्हणून रोजनाम्यात तारखा पडत राहतात. अशा दाव्यात पुढे तुमच्या बाजूने डिक्री झाली तरी ती मयत माणसाच्या नावाची, दरखास्त लावायला, म्हणजे डिक्रीची अंमलबजावणी मागायला जाल तेव्हा समोरचा वकील तीच गोष्ट पहिली काढेल. अपवाद एकच मोठा आहे, युक्तिवाद पूर्ण होऊन फक्त निकाल बाकी असताना वादी वारला तर नियम ६ प्रमाणे दावा अबेट होत नाही. तुमच्याकडे अजून तारखा पडतायत म्हणजे तसं दिसत नाही.

सातबाऱ्याची नोंद ही महसुली गोष्ट आहे, तलाठ्याकडचा फेरफार दिवाणी कोर्टाच्या फाईलवर आपणहून येत नाही. वारस कोण आहेत हे दाखवायला तो जोडा, उपयोग होतो, पण अर्जाची जागा तो घेत नाही.

आता मुदतीचं गणित. एका घरातलं प्रकरण सांगतो, कागद माझ्याकडे आले होते. चार गुंठे अतिक्रमण काढून ताबा मिळावा म्हणून वडिलांचा दावा, ते १० जानेवारी २०२३ ला वारले. मागे आई, दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी. थोरल्याकडे वडिलांचं मुखत्यारपत्र होतं आणि तो ते घेऊन तारखांना जात राहिला, त्याला वाटलं सही माझीच असते तर काय फरक पडतो. पण मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्यारपत्र संपतं. वकीलपत्राचंही तसंच, फक्त नियम १० अ प्रमाणे पक्षकार वारल्याचं कळलं की कोर्टाला कळवायचं काम वकिलावर राहतं. इथे त्यांच्या वकिलांना घरच्यांनी सांगितलंच नाही, शेवटी ऑगस्टमध्ये प्रतिवादीच्या वकिलांनी मयत पुरशीस, म्हणजे वादी वारल्याचं लेखी कोर्टात दिलं तेव्हा सगळे जागे झाले.

मृत्यूचा दिवस सोडून मोजलं तर ९० दिवस १० एप्रिलला संपले, दावा अबेट. तिथून अबेटमेंट रद्द करून घ्यायला आर्टिकल १२१ प्रमाणे आणखी ६० दिवस असतात, ते ९ जूनला संपले. म्हणजे मृत्यूपासून १५० दिवसांच्या आत तुम्ही आलात तर विलंब माफी मागावी लागत नाही, अबेटमेंट रद्द करा आणि वारस रेकॉर्डवर घ्या एवढीच मागणी (अर्थात ९० दिवसांत का आलो नाही याचं सबळ कारण तिथेही द्यावंच लागतं). या घराने अर्ज दिला २१ ऑगस्टला, म्हणजे ७३ दिवस उशीर. तेव्हा मागण्या तीन झाल्या: ७३ दिवसांचा विलंब माफ करा, अबेटमेंट रद्द करा, वारसांची नावं लावा. विलंब माफीला लिमिटेशन ॲक्टचं कलम ५ लागू आहे, तसं नियम ९ मध्येच लिहिलंय.

त्यांनी आधी साधा "वारस लावण्याचा अर्ज" दिला होता आणि समोरून लगेच हरकत आली की अबेटमेंट रद्दची मागणीच नाही. यावर सुप्रीम कोर्टाचा मिठाईलाल विरुद्ध अन्नाबाई हा २००३ चा निकाल आहे, वारस लावण्याच्या साध्या मागणीतच अबेटमेंट रद्द करण्याची मागणी धरता येते असं त्यात म्हटलंय. तरी आम्ही तिन्ही मागण्यांचा नवा अर्ज दिला, कारण निकालावर भांडत बसण्यापेक्षा अर्ज नीट असलेला बरा. सोबत मृत्यू दाखला, थोरल्याचं ॲफिडेव्हिट आणि त्यात खरं कारण: मुखत्यारपत्र चालू आहे असा समज होता, मृत्यूनंतरही तो दर तारखेला हजर होता, रोजनाम्यात दिसतंय. दोन हजार कॉस्ट लावून कोर्टाने अर्ज मंजूर केला.

कारण लिहिण्यावर मी का जोर देतोय सांगतो. पेरुमोन देवस्वम प्रकरणात (२००८) सुप्रीम कोर्ट म्हणालं की अशा अर्जांकडे उदारपणे बघा, पण त्याच निकालात हाही फरक केलाय की हायकोर्टात वर्षानुवर्षं पडून असलेल्या अपिलात पक्षकाराला तारखा नसतात म्हणून तिथे जास्त सवलत, खालच्या कोर्टात नियमित तारखा असतात. तुमचा दावा खालच्या कोर्टात आहे. म्हणून "माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही, कोण आजारी होतं, वडिलांच्या दाव्याची फाईल कुणाकडे होती, तुम्हाला कधी कळलं, कोणत्या दिवशी वकिलांना भेटलात, तारखेसकट लिहा.

वारस दाखल्यासाठी मात्र थांबू नका, हे हात जोडून सांगतो. वारस रेकॉर्डवर यायला आधी दाखला हवाच अशी अट कायद्यात नाही. वारस कोण यावर वाद निघाला, म्हणजे समजा कुणी मृत्युपत्र घेऊन आलं, तर नियम ५ प्रमाणे तेच कोर्ट त्या दाव्यापुरतं ठरवतं, आणि त्याने जमिनीच्या मालकीचा कायमचा निकाल लागत नाही. दाखल्याच्या अर्जात नोटिसा, जाहिरात असं करत महिने जातात आणि तुमच्या उशिराचा आकडा रोज वाढत राहतो.

बहिणींची नावं गाळू नका, लग्न झालं असलं तरी. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस, आणि आजी हयात असेल तर वडिलांची आई म्हणून तीही पहिल्या वर्गातली वारस, तिला लोक हमखास विसरतात. एखादा वारस चुकून राहिला तर तेवढ्यावरून दावा पडत नाही, बाकीच्यांनी प्रामाणिकपणे अर्ज केला असेल तर मयताची इस्टेट रेकॉर्डवर आहे असं धरतात. पण मुद्दाम गाळलं तर वेगळी गोष्ट. बहीण सही द्यायला तयार नसेल तर तिला प्रतिवादी म्हणून घ्या.

सात महिने म्हणजे साधारण २१२-२१५ दिवस, त्यातले १५० वजा केले तर तुमचा उशीर दोन महिन्यांच्या आसपास येतो, मृत्यू दाखल्यावरची तारीख घेऊन नक्की आकडा काढा. त्याच कारणावर नवा दावा टाकायचा विचार करू नका, नियम ९ तो करू देत नाही. आणि समजा अर्ज फेटाळलाच तर त्या हुकुमावर ऑर्डर ४३ खाली अपील आहे. वकिलांना पुढच्या तारखेची वाट न बघता या आठवड्यातच तिन्ही मागण्यांचा अर्ज द्यायला सांगा, आणि अर्ज मंजूर झाला की वादपत्राच्या टायटलमध्ये दुरुस्ती करून घ्यायला विसरू नका, हुकूम होऊनही ती राहून गेलेली मी पाहिलीय.