रंगावरून धान्य ओळखायला सांगणाऱ्या पोस्टला उत्तर

‘फोटो बघूनच कळतं! पांढरी ती ज्वारी, राखाडी ती बाजरी, लाल ती नाचणी. पीठही तसंच ओळखा. आणि एक संपलं तर दुसरं घ्या, भाकरी काय नि पेज काय, तिन्हींची सारखीच होते.’

दाण्यांपासून सुरुवात करू. रंग हा यातला सर्वांत कच्चा पुरावा आहे. ज्वारी लालही असते, नाचणीचे पांढरे वाण आहेत आणि बाजरी पिवळसर निघते. शिवाय पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत राखाडी बाजरी तपकिरी दिसायला लागते. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की बुरशीने काळवंडते. तिचा फोटो बघून ‘बाजरी आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. (तशा ज्वारीला कुबट वास येत असेल तर ती दळूच नये.)

म्हणून आधी आकार बघायचा. बाजरीचा दाणा थेंबासारखा असतो, एक टोक निमुळतं आणि दुसरं रुंद. ज्वारी तिघांत मोठी, साधारण चार मिलिमीटरची, गोल पण किंचित चपटी. कणसाला चिकटलेल्या टोकाशी बऱ्याच दाण्यांवर गडद ठिपका दिसतो. नाचणी जेमतेम दीड मिलिमीटरची, मोहरीएवढी.

आता लाल ज्वारीचा जवळून काढलेला फोटो घ्या. स्क्रीनभर लालसर गोल दाणे, शेजारी मापाला काहीच नाही. दहापैकी आठजण नाचणी म्हणतील, आणि त्यांची चूकही नाही. त्याच दाण्यांशेजारी तांदळाचा एक दाणा ठेवून पुन्हा फोटो काढा. दाणा तांदळाच्या लांबीच्या निम्म्याहून मोठा दिसला तर ती ज्वारी. एका तांदळाच्या लांबीत चार दाणे ओळीने बसत असतील तर नाचणी.

पिठाचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण आकार गेलेला असतो. ज्वारीचं पीठ मळकट पांढरं, बाजरीचं हिरवट राखाडी, नाचणीचं फिकट तपकिरी आणि त्यात गडद कण, हे खरं. पण चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाची नाचणी दळली गेली असेल तर तुमच्या ज्वारीतही तपकिरी कण येतात. कोरड्या पिठाच्या एका फोटोवरून मी तरी छातीठोक सांगणार नाही.

चमचाभर पीठ बशीत घेऊन पाण्याने सरसरीत कालवा आणि दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, कोरडं आणि ओलं शेजारी ठेवून फोटो काढा. लाल नाचणी भिजली की एकदम गडद होते, शिजली की तर चॉकलेटी. पांढऱ्या ज्वारीत फारसा फरक पडत नाही. बाजरीचा राखाडी रंग गडद होतो, पण त्यात लिंबाचे काही थेंब पिळले की तो हळूहळू फिका पडतो, कारण तिच्यातलं रंगद्रव्य आंबटपणाला बदलतं. मिश्र पिठाला मात्र ही युक्ती लागू नाही.

राहिला अदलाबदलीचा सल्ला. तिघांतही ग्लुटेन नाही, त्यामुळे गव्हाचा चिवटपणा कोणातच नाही, इथवर ठीक. पण ज्वारीचं ताजं पीठ गरम पाण्यात मळलं की थापण्यापुरता चिकटपणा धरतं. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेला चिरते. बाजरीची भाकरी थोडी जाडसर, आणि पीठ लागेल तसं मळून लगेच थापायची. नाचणी कोरड्या पिठातून थापायला गेलात तर तडे जातात, तिला उकड लागते: वाटीभर पाण्याला मीठ घालून उकळी आणा, त्यात वाटीभर पीठ घालून ढवळा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि हाताला सोसेल इतपत गरम असताना मळा.

पेजेत फरक आणखी उघड होतो. दोन चमचे नाचणीचं पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवून दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतलं, सहासात मिनिटं ढवळलं की गुळगुळीत पेज तयार (पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गाठीच). मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ असेल तर पेज पातळ होते, कारण मोड येताना स्टार्च फोडणारी विकरं तयार होतात. बाजरीच्या पिठाची अशी पेज मला खरखरीत आणि उग्र लागते. बाजरी घ्यायचीच तर सडून, भरडून खिचडी करा.

बाजरीत तेल जास्त असतं, म्हणून दळलेलं पीठ बाहेर ठेवलं की आठवड्याभरात कडवट व्हायला लागतं. फोटोत ते ताज्या पिठासारखंच दिसतं. मळण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघा.